पाठवू नका म्हणणाऱ्याचा अर्ज

मुलाखतीनंतर ‘कळवतो’ म्हणाले की काय समजायचं, हे मला पहिल्या नोकरीच्या वेळीच कळलं होतं. तरीही त्या दिवशी वालीवच्या कारखान्यातून बाहेर पडल्यावर समोरच्या पीसीओवरून मी घरी फोन केला आणि बायकोला सांगितलं, “कळवतो म्हणालेत.” ती म्हणाली, “म्हणजे नाही.” ती शाळेत मराठी शिकवते. तिच्यापुढे शब्दांची सारवासारव चालत नाही.

चाळिशी ओलांडलेल्या इंजिनिअरने मुलाखतीला जाणं ही मुळात अवघड गोष्ट. समोरच्याला वाटतं, इतकी वर्षं एकाच ठिकाणी का राहिलात? आपल्याला वाटतं, एवढं आयुष्य काम केलं त्याची याला अर्ध्या तासात काय कल्पना येणार? मी सातिवलीच्या एका छोट्या कारखान्यात होतो. औषध कंपन्यांना लागणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या छोट्या टाक्या आणि नळ आम्ही बनवायचो. वालीवचा हा कारखाना तेच काम मोठ्या प्रमाणावर करायचा. जागा प्रॉडक्शन मॅनेजरची होती. आपण ती सांभाळू शकतो असं मला वाटत होतं, आणि अजूनही वाटतं.

मुलाखतीला दोघं होते. मालक, आणि त्यांच्या शेजारी वर्क्स मॅनेजर. मालक इंग्रजीत विचारत होते आणि मी इंग्रजीत उत्तरं देत होतो. वर्क्स मॅनेजर पन्नाशीचे, काळेसावळे, अंगाने किरकोळ गृहस्थ. ते काही बोलत नव्हते, माझा बायोडेटाही त्यांनी उघडला नव्हता. मला त्याचा राग आला होता. मग मालकांना फोन आला, ते उठून शेजारच्या खोलीत गेले, आणि या गृहस्थांनी मराठीत पहिला आणि शेवटचा प्रश्न विचारला.

“समजा, मार्चअखेर आहे. टाकी ट्रकवर चढली आहे. गिऱ्हाइकाचा माणूस बघून सही करून गेलाय. आणि आता तुम्हाला तळाच्या तोटीजवळ, वेल्डिंगमध्ये, सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं. काय कराल?”

मार्चचा शेवटचा आठवडाच चालू होता. मला वाटलं, प्रश्न शोधायला या माणसाला फार लांब जावं लागलेलं नाही.

“टाकी उतरवीन,” मी म्हणालो. “भोक घासून उघडायचं, पुन्हा भरायचं, पॉलिश करायचं, तपासायचं. दोन दिवस.”

“बिल पुढच्या वर्षात जाईल.”

“जाईल.”

मार्चअखेर म्हणजे काय, हे आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत चहा पोचवणाऱ्यालाही माहीत असतं. एकतीस तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत जे फाटकाबाहेर पडलं, ते त्या वर्षाच्या विक्रीत धरतात. त्या आकड्यावर बँक पुढच्या वर्षी किती कर्ज द्यायचं ते ठरवते. त्यामुळे त्या आठवड्यात आमच्याकडे माल तयार होत नाही, माल बाहेर पडतो.

“मालक विचारतील,” ते म्हणाले, “प्रॉडक्शन मॅनेजर ठेवलाय तो माल बाहेर काढायला की आत ठेवायला?”

“औषधाची टाकी आहे. त्या भोकात आधीच्या औषधाचा कण बसला तर धुऊन निघत नाही. पुढच्या औषधात उतरतो. कुणाच्या तरी पोटात जातो. मी नाही पाठवणार.”

हे मी जरा जोरात म्हणालो. माझा आवाज तसाच चढतो, त्याला इलाज नाही. ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर ताडपत्री बांधलेला एक ट्रक उभा होता, दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं.

“या जागेला हे उत्तर चुकीचं आहे,” ते म्हणाले.

“मग बरोबर कुठल्या जागेला आहे?”

“ती जागा अजून आमच्याकडे नाही.”

तेवढ्यात मालक आले आणि म्हणाले, कळवतो.

घरी येईपर्यंत माझा पारा चढलेलाच होता. एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत मी त्या माणसाला मनातल्या मनात बरंच सुनावलं. बायको म्हणाली, “तुम्ही खोटं बोलला असतात तर जागा मिळाली असती का?” मी म्हणालो, कदाचित. “मग मिळाली नाही ते बरं झालं. तुम्हाला खोटं धड बोलताही येत नाही. दुसऱ्या महिन्यात काढलं असतं.” विषय तिथे संपला.

वर्षभराने आमच्या मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की कारखाना हिमाचलला जातोय. तिकडे कर माफ झाला होता आणि आमची बरीचशी गिऱ्हाइकं आधीच तिकडे सरकली होती. ज्यांना यायचंय त्यांनी यावं, नसेल यायचं त्यांनी हिशेब घ्यावा. विचार करायला पावसाळ्यापर्यंत वेळ.

मला विचार करायची गरज नव्हती, पण उत्तरही सापडत नव्हतं. बायकोची शाळेतली नोकरी कितीतरी वर्षं तात्पुरती राहून नुकती कायम झाली होती. मुलगी दहावीत जाणार होती. बायकोने स्पष्टच सांगितलं, “तुम्ही जा. मी अडवणार नाही. पण मी येणार नाही.” यात भांडण नव्हतं, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. भांडण असतं तर जिंकता आलं असतं. हिमाचलात एका खोलीत स्वतःपुरता भात लावणारा मी, आणि इथे या दोघी. वर्षातून दोनदा भेट. लग्नाच्या अठरा वर्षांनंतर असं राहायचं मला अजिबात नको होतं.

अशात एका बुधवारी इंग्रजी पेपरच्या नोकऱ्यांच्या पुरवणीत वालीवच्या त्याच कारखान्याची जाहिरात दिसली. तपासणी विभागाचा प्रमुख हवा होता. कामाखाली लिहिलं होतं की फाटकाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक यंत्रावर त्याची सही लागेल, आणि तो थेट मालकांना जबाबदार असेल.

‘ती जागा अजून आमच्याकडे नाही’ हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवत होतं, कारण वर्षभर मी त्यावर चिडत होतो.

शेजारच्या ब्लॉकमध्ये राहणारे एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, अर्ज कसले करता, ओळख काढा. त्यांचा कोणी भाचा त्या मालकांच्या चार्टर्ड अकाउंटंटला ओळखत होता. पेढ्यांचा बॉक्स घेऊन रविवारी जाऊन येऊ, म्हणाले. मी त्यांना नको म्हणालो. मालकांकडे ओळख काढायची तर ती अशी असावी की मला ‘नको’ म्हणायची पाळी आली तेव्हा आड येणार नाही. आणि त्या कारखान्यात माझी एक ओळख आधीपासूनच होती, जरी तिनेच मला नाकारलं होतं.

म्हणून मी जाहिरातीला अर्ज न पाठवता वर्क्स मॅनेजरना पत्र लिहायला बसलो. पहिला खर्डा इंग्रजीत केला. ‘आपल्या जाहिरातीच्या संदर्भात, खाली सही करणारा’ वगैरे. बायकोने वाचला आणि म्हणाली, “पाणीपट्टीची नोटीस आहे का ही?” दुसऱ्या खर्ड्यात मी माझी वीस वर्षं मांडली. ती म्हणाली, “हे बायोडेटात आहे. ते त्यांनी तेव्हाही वाचलं नव्हतं.” मग माझ्या लक्षात आलं, की त्या माणसाने मला जे विचारलं ते मराठीत विचारलं होतं. तिसरा खर्डा मराठीत लिहिला.

‘स. न. वि. वि.

गेल्या वर्षी मार्चमध्ये प्रॉडक्शन मॅनेजरच्या जागेसाठी आपण माझी मुलाखत घेतली होती. ट्रकवर चढलेल्या टाकीच्या वेल्डिंगमध्ये भोक दिसलं तर काय कराल, असं आपण विचारलं होतं. टाकी उतरवीन, असं मी म्हणालो होतो. त्या जागेला हे उत्तर चुकीचं आहे आणि ज्या जागेला ते बरोबर आहे ती जागा अजून नाही, असं आपण म्हणाला होतात.

तपासणी विभागप्रमुखाची जाहिरात वाचली. ती जागा हीच असावी असं मला वाटतं.

मधल्या वर्षात वेल्डिंगच्या रंगतपासणीची लेव्हल टूची परीक्षा मी पास झालो आहे आणि आमच्या टाक्यांची ती तपासणी आता मीच करतो. आमचा कारखाना हिमाचलला जातो आहे. मला वसई सोडायची नाही. अर्ज करण्याचं हेही एक कारण आहे, ते लपवत नाही.

माझं उत्तर बदललेलं नाही. ट्रक उभा असला तरी मी नको म्हणेन.’

शेवटी मी लिहिलं होतं, ‘जागा ही नसल्यास उत्तर देण्याची तसदी घेऊ नये.’ बायकोने लाल पेनने ती ओळ खोडली, जशी मुलांच्या निबंधात खोडते, आणि वर लिहिलं, ‘आपल्या सोयीच्या वेळी भेटायला येईन.’ ती म्हणाली, “काम मागताय की भांडण?” मी पत्र पुन्हा स्वच्छ लिहून काढलं, सोबत नवा बायोडेटा जोडला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन फाटकावर दिलं. वॉचमन ते अर्जांच्या पेटीत टाकायला निघाला होता. मी त्याला म्हणालो, हा अर्ज नाही, पत्र आहे, साहेबांच्या हातात दे. त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं, पण दिलं.

बरेच दिवस काही झालं नाही. हिमाचलला जाणाऱ्यांची नावं आमच्या ऑफिसात लिहून घ्यायला सुरुवात झाली. मी माझं नाव दिलं नाही, आणि नाही असंही सांगितलं नाही. मग एका शनिवारी संध्याकाळी घरी फोन आला. वर्क्स मॅनेजरच होते. उद्या घरी या, म्हणाले, आणि खाडीकाठच्या गावातला पत्ता सांगितला.

त्यांचं घर जुनं, बैठं होतं. मागे भाताची शेतं, उन्हाळ्यात कोरडी पडलेली, आणि त्यापलीकडे खाडी. ते बनियनवर ओट्यावर बसले होते. कारखान्यात तोलूनमापून मराठी बोलणारा हा माणूस घरी वेगळाच होता.

“बसा. पानी घ्या,” ते म्हणाले. माझं पत्र त्यांच्या मांडीवर होतं. “ती टाकी खरी व्हती.”

मला कळेना.

“गेल्या सालची. भोक मला त्याच दिशी सकाळी दिसलं. ट्रक तुमच्यासमोर उभा व्हता. तुमच्या आधी दोघांना इचारलं. एक बोलला, गिऱ्हाइकाकडं जाऊन भरू. दुसरा बोलला, सही झालीय ना, मग आपलं काय. तुम्ही बोललात, उतरवा.”

“मग उतरवली?”

“संध्याकाळी पाठवली.”

मी उठलोच. कुणाच्या घरी बसलोय हे विसरून म्हणालो, “मला विचारलंत आणि तरी पाठवलीत?”

“बसा,” ते म्हणाले. “इचारलं नसतं तर बरं झालं असतं. निदान मला झोप तरी लागली असती.”

टाकी पावसाळ्यात परत आली होती. गिऱ्हाइकाच्या दोन बॅचमध्ये आधीचं औषध सापडलं. बरं एवढंच, की ते त्यांच्या प्रयोगशाळेत सापडलं, बाहेर गेल्यावर नाही. सगळा माल टाकून द्यावा लागला आणि त्या गिऱ्हाइकाने पुन्हा या कारखान्याचं तोंड पाहिलं नाही. तपासणीचा माणूस प्रॉडक्शनच्या हाताखाली असता कामा नये, हे मालकांना पटवायला यांना उरलेलं वर्ष लागलं.

“मी प्रॉडक्शनचा मानूस,” ते म्हणाले. “मार्चात मी पाठवाच बोलनार. ते माझं काम. माझ्या तोंडातनं दुसरं येनार नाय. नको बोलायचं काम तुमचं. पन मग ते तुम्हीच बोलायचं, माझ्याकडं बघायचं नाय. चालंल?”

मी म्हणालो, चालेल.

मालकांची मुलाखत झाली, पण ती नावापुरती होती. नोकरी मिळाली, एक वर्षाच्या प्रोबेशनवर. घरी सांगितलं तेव्हा बायको स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत गेलो तर ती रडत होती. मी अडवणार नाही म्हणणारी ही बाई इतके दिवस स्वतःला कसं सांभाळून होती ते मला तेव्हा कळलं. त्या रात्री आम्ही तिघं बाहेर जेवायला गेलो.

मग मार्च आला.

शेवटच्या दिवशी दुपारी एक मोठी टाकी जायची होती. ट्रक लागलेला होता. रंगतपासणी मी स्वतःच करायला घेतली. त्यात आधी जोडावर लाल रंग मारून तो मुरू द्यायचा, मग पुसून काढायचा आणि वरून पांढरी भुकटी फवारायची. जोड चांगला असेल तर सगळं पांढरं राहतं. भेग असेल तर तिच्यात मुरलेला लाल रंग वर येतो. तळाच्या तोटीपाशी केसाएवढी एक लाल रेघ हळूहळू वर आली.

मालक टाकीशेजारच्या माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. फाटकाचा पास माझ्यासमोर होता, माझ्या सहीची जागा रिकामी.

“गिऱ्हाइकाला घाई आहे,” ते शांतपणे म्हणाले. “आपला वेल्डर तिकडे जाऊन भरेल. सही करा.” मग तितक्याच शांतपणे त्यांनी विचारलं, “तुमचं प्रोबेशन मेमध्ये संपतंय ना?”

मी घाबरलो. खरंच घाबरलो. सातिवलीचा कारखाना आता हिमाचलात होता आणि त्याच्या शेडमध्ये फरशीवाला आला होता. मागे परतायला वाट नव्हती. मुलीची दहावीची परीक्षा चालू होती. माझ्या डोक्यात भराभर विचार यायला लागले, की रेघ बारीक आहे, कदाचित पॉलिशचा ओरखडा असेल, रंग नीट पुसला गेला नसेल, आणि तसंही वेल्डर तिकडे जाणारच आहे. हे सगळं मी पूर्वी कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. पेन मी उघडलं होतं.

तेवढ्यात वर्क्स मॅनेजर आले. त्यांनी मालकांकडे बघितलं, रेघेकडे बघितलं आणि म्हणाले, “पाठवून द्या. मार्चअखेर आहे.”

गेल्या उन्हाळ्यात ओट्यावर बसून सांगितलं होतं, तसंच ते बोलले. पण बोलताना त्यांनी शर्टाच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला, उघडला आणि फाटकाच्या पासवर, बरोबर माझ्या सहीच्या जागेवर ठेवला. माझं पत्र होतं ते. माझ्याच अक्षरात शेवटून दुसरी ओळ होती, ट्रक उभा असला तरी मी नको म्हणेन. खाली बायकोची ओळ होती, माझ्या अक्षरात.

मी पत्र बाजूला सरकवलं आणि पासवर लिहिलं, ‘दुरुस्ती होईपर्यंत थांबवावे.’ सही केली. मालकांनी पास वाचला, परत ठेवला आणि निघून गेले. थोड्या वेळाने रिकामा ट्रक चिंचोटीच्या रस्त्याने हायवेकडे गेला, हॉर्न वाजवत, वैतागून.

“दोन दिवस ना?” वर्क्स मॅनेजरनी विचारलं.

“दोन.”

“दीडात करू,” ते म्हणाले आणि वेल्डरला हाक मारायला वळले.

मालक एप्रिलभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. मेमध्ये नोकरी कायम झाली नाही, तीन महिने लांबली. ते तीन महिने वाईट गेले. ऑगस्टमध्ये कायम झाल्याचं पत्र आलं, तेव्हा खाली मालकांची सही होती आणि बाजूला पेनाने लिहिलं होतं, ‘पुढच्या मार्चला भेटू.’ ती धमकी की शाबासकी, ते मला आजवर कळलेलं नाही.

माझं ते पत्र मात्र मला परत हवं होतं. बायकोला दाखवायचं होतं. कायम झाल्याच्या दिवशी मी वर्क्स मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो आणि मागितलं. त्यांनी खिशातून काढून एकदा वाचलं, आणि घडी घालून पुन्हा खिशात ठेवलं.

“हे माझ्याकडंच राहू द्या,” ते म्हणाले. “पुढच्या मार्चात पुना लागंल. तुम्हाला नाय लागलं, तर मला लागंल.”